समासात शेरा लिहिताना मुलीचं वाक्यच बदलून टाकलं. स्कॅन केलेल्या निबंधावर कसं लिहायचं?

चिंचेचीपानं

नववीला मराठी शिकवते, बीड जिल्ह्यातल्या एका गावात. वर्गातल्या बऱ्याच मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाड्या निघतात आणि पोरं आजी-आजोबांकडे राहतात.

यंदापासून निबंध सुट्या रेघी कागदावर लिहून घेते, मोबाईलनं स्कॅन करते, घरी टॅबवर पेननं समासात शेरे लिहिते आणि पीडीएफ पाठवते. ती जाते आईवडिलांच्या मोबाईलवर, म्हणजे कारखान्यावरच्या कोपीत सुद्धा ती उघडली जाते.

विषय होता 'माझा आवडता सण'. एका मुलीनं लिहिलेला उतारा तिला विचारून इथं देते आहे, अगदी जसा होता तसा:

> दिवाळी झाली की आमचं घर मोठं होतं. आई आणि पप्पा ट्रॅक्टरनी कारखान्याला जातात. मी आणि आज्जी राहतो. गाडीत आई भांडे भरते तेव्हा मी बोलत नाही. मोठा तवा नेते लहान तवा ठेवते. मग आज्जी म्हनती चल पोरी वावरात जाऊ. वावरात काहीच काम नसतं तरी आम्ही जातो. दिवाळी हा सण आपल्याला प्रकाशाचा संदेश देतो. अंधारावर प्रकाशाचा विजय होतो. पप्पा फोन करतात पण आवाज कापल्यासारखा येतो. मला दिवाळी आवडते कारण सगळे घरी असतात आणि आवडत नाही कारण ती झाल्यावर सगळे जातात.

यावर मी हे लिहिलं होतं:

'घर मोठं होतं' खोडून वर 'घर सुने सुने वाटते'.
'मी बोलत नाही' समोर: 'मनातील दुःख व्यक्त करावे. उदा. माझे डोळे पाण्याने भरून येतात.'
तव्याच्या वाक्यासमोर: 'अनावश्यक तपशील.'
'आज्जी म्हनती'चं 'आजी म्हणते' केलं.
'प्रकाशाचा संदेश' समोर बरोबरची खूण आणि 'छान विचार!'
शेवटच्या वाक्यासमोर: 'नक्की आवडते की नाही? विचार स्पष्ट करावा.'
तळाला: 'विषयाला धरून लिहावे. शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे. ४/८'

मुलीनं पक्का निबंध लिहून आणला. त्यात 'घर सुने सुने वाटते' होतं, डोळे पाण्यानं भरलेले होते आणि तवा गेला होता. मी सहज म्हटलं, 'आता कसं छान झालं.' ती म्हणाली, 'मॅडम, पण सुनं नाही वाटत. मोठं होतं. आई असली की दोघी झाडतो. ती गेली की झाडून संपतच नाही.'

त्या दिवसापासून डोक्यातून हे जात नाही. तिच्या पहिल्या वाक्यात जे होतं ते मला कळलंच नव्हतं, आणि न कळताच मी ते दुरुस्त केलं. शिकवणाऱ्यांना विचारते: समासात लिहायचं तर काय आणि कसं लिहायचं, म्हणजे ते बाईंचं बोलणं वाटेल, पण निबंध पोरीचाच राहील?

---

कोडवाला

ताई, हाताने लिहिलेल्या निबंधाच्या फोटोवरून अक्षरं ओळखून टाईप करून देणारी अ‍ॅप आहेत. एकदा टाईप झालं की वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस चालू करा. मुलीचं मूळ वाक्यही दिसतं आणि तुमचा बदलही. तुम्ही काय बदललं याची नोंद राहते, हवं तर ती रिजेक्ट करू शकते.

---

चिंचेचीपानं

धन्यवाद, पण अडचण बदल दिसत नाही ही नव्हतीच. माझी खोडाखोड तिला स्पष्ट दिसत होती, म्हणूनच तिनं ती उतरवून काढली. नववीतली पोर बाईंनी केलेला बदल रिजेक्ट करत नाही. आणि टाईप केलं तर तिचं अक्षरच जाईल. 'मी बोलत नाही' नंतर तिनं जवळजवळ अर्धी ओळ मोकळी सोडली आहे. ते मला स्कॅनवरच दिसलं, तेही दुसऱ्यांदा वाचताना.

---

निशिगंध

उपाय सोपा आहे. शेऱ्यात विधान करायचंच नाही, फक्त प्रश्न विचारायचे. प्रश्नाचं उत्तर मूल देतं, म्हणजे विचार त्याचाच राहतो. मी पाचवी-सहावीला हेच करते. उदाहरणार्थ 'मी बोलत नाही' समोर लिहायचं, 'आई निघाली की तुला रडू येतं का?' आणि तव्यासमोर, 'आई मोठा तवा नेते कारण तिकडे जास्त माणसं असतात का?'

---

जुनापेन

निवृत्त आहे. एकतीस वर्षं शाळेत, त्यातली शेवटची काही अध्यापक विद्यालयात गेली. तिथं होणाऱ्या शिक्षकांना वह्या तपासायला शिकवत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निशिगंध, प्रश्न विचारायचे हे बरोबर, पण तुमचे दोन्ही प्रश्न पुन्हा वाचा. 'तुला रडू येतं का?' याला मूल 'हो' म्हणणार. मग पुढच्या खर्ड्यात 'मला रडू येते' असं वाक्य येणार, आणि ते तुमचं वाक्य असेल, फक्त प्रश्नचिन्ह काढलेलं. उत्तर पोटात घेऊन आलेला प्रश्न म्हणजे खोडून वर लिहिणंच. मी विद्यार्थ्यांना एक कसोटी द्यायचो: तुमच्या शेऱ्यातले शब्द उचलून मूल ते जसेच्या तसे निबंधात घालू शकतं का? घालू शकत असेल तर तुम्ही निबंध लिहिताय. 'सुने सुने' उचलता येतं. 'डोळे पाण्याने भरून येतात' उचलता येतं. 'मोठं कसं होतं?' यातून उचलण्यासारखं काही नाही, तिला स्वतःच्या घरात जाऊनच उत्तर आणावं लागतं.

आता बाईंच्या शेऱ्यांबद्दल. मूळ अडचण मला त्यांच्या आधीच्या एका गोष्टीत दिसते. तुम्ही पेन हातात घेऊन वाचायला बसलात. पहिल्या ओळीत 'घर मोठं होतं' खटकलं आणि तिथंच दुरुस्त केलं. तोवर तवा वाचला नव्हता, वावर वाचलं नव्हतं. आधी पूर्ण पान पेन खाली ठेवून वाचायचं. दुसऱ्या वाचनात पेन उचलायचं, आणि जिथं जिथं आपण वाचक म्हणून थबकलो तिथं शब्दाखाली बारीक रेघ मारायची. शेरा त्यानंतर. पहिल्या वाचनात जे चुकीचं वाटतं त्यातलं बरंच दुसऱ्या वाचनात सगळ्यात खरं निघतं. हे वाक्य तसंच आहे.

दुसरं, आवाज. 'व्यक्त करावे', 'स्पष्ट करावा', 'लक्ष द्यावे', 'धरून लिहावे'. हे तुम्ही बोलता का कधी? ती पोर टेबलाशी उभी असती तर तुम्ही म्हणाला असतात का, 'बाळ, मनातील दुःख व्यक्त करावे'? हा 'वे-वे' आपल्या हाताला लागतो कारण वही मुख्याध्यापक बघतात, तपासणीला कोणी आलं तर ते बघतात, आणि शेरा त्यांच्यासाठी लिहिला जातो. मुलालाही कळतं की हे आपल्याशी बोलणं नाही. मी एवढंच सांगायचो की प्रत्येक शेरा ओठ हलवून म्हणून बघा. वर्गात जो शब्द तोंडातून आला नसता तो समासातही नको. तुम्ही तिला 'अगं' म्हणत असाल तर 'अगं' लिहा.

आणि 'छान विचार!' कुठं पडलं ते बघा. संपूर्ण उताऱ्यात तिच्या नसलेल्या दोनच ओळी आहेत, आणि कौतुक नेमकं त्यांना मिळालं. तव्याला 'अनावश्यक', गाईडच्या वाक्याला 'छान'. पुढच्या निबंधात ती काय जास्त लिहील?

---

चिंचेचीपानं

सर, शेवटचा मुद्दा वाचून बराच वेळ गप्प बसले होते. ती दोन वाक्यं त्या दिवशी बावीसपैकी चौदा कागदांवर होती, मी आत्ता मोजली. चौदाही ठिकाणी मी बरोबरची खूण केली आहे.

काल रात्री स्वच्छ स्कॅन पुन्हा उघडला आणि नव्यानं लिहून बघितलं. अजून तिला दिलेलं नाही. सांगा:

१) 'घर मोठं होतं' खाली रेघ. 'इथं मी थांबले गं. माणसं कमी झाली की घर मोठं वाटतं, असं कोणी लिहिलेलं मी वाचलं नव्हतं. कसं मोठं होतं ते अजून सांग.'
२) तव्याच्या वाक्यासमोर: 'हे वाक्य काढू नकोस.'
३) 'मी बोलत नाही' समोर: 'का?'
४) प्रकाशाच्या दोन ओळींसमोर: 'हे पुस्तकातलं आहे. तुझं लिही.'
५) शेवटच्या वाक्यासमोर: 'दोन्ही खरं आहे. असंच ठेव.'

---

जुनापेन

आता तुमचा आवाज ऐकू येतो. पण अजून थोडं.

पहिल्यात 'माणसं कमी झाली की' हे तिनं लिहिलेलं नाही. तो तुमचा अर्थ आहे. तिचं कारण तुम्हाला झाडण्यावरून तोंडी कळलंय, म्हणून जपून. नाहीतर ती तुमचं कारण लिहील, कारण ते जास्त शहाणं वाटतं. मधलं वाक्य पूर्ण काढा. 'इथं मी थांबले गं. कसं मोठं होतं?' बस.

दुसरा मला फार आवडला, तरी त्यात एक शब्द घाला. काय काढायचं नाही हे सांगितलंत, का ते नाही सांगितलं, त्यामुळे तो हुकूम होतो. वाचणारी म्हणून तुम्हाला काय झालं ते सांगा. 'दोन तवे मला दिसले. हे काढू नकोस.'

तिसऱ्यातल्या 'का?'बद्दल मला शंका आहे. एकटा 'का?' उलटतपासणीसारखा वाचला जातो, आणि हा कागद कोपीत बसलेली आईसुद्धा वाचणार आहे. आई भांडी भरत असताना मुलगी बोलत का नाही, हे समासात, आईच्या डोळ्यांसमोर विचारायचं का? मी तिथं काही लिहिलं नसतं. वाक्याखाली रेघ मारून सोडली असती. तिनं सोडलेल्या मोकळ्या जागेत आपण लिहायलाच पाहिजे असं नाही.

चौथ्यावर मला पक्कं उत्तर नाही. 'हे पुस्तकातलं आहे' हे खरं असलं तरी चोरी पकडल्यासारखं होतं, आणि ही वाक्यं आपणच फळ्यावर लिहून देत आलोय. मी कधी कधी असं लिहायचो: 'याच्या आधी तू वावरात आहेस, पुढे पप्पांचा फोन येतो. मधल्या या दोन ओळी कोण बोलतंय?' काही मुलांना कळायचं. काहींना कळायचं नाही, मग जवळ बोलावून सांगावं लागायचं.

पाचवा ठेवा. पहिल्या खेपेला तुम्ही तिला 'आवडते की नाही' यातलं एक निवडायला लावलं होतंत. त्या वाक्याचा जीवच दोन्हीत आहे.

---

काटेकोर

भावना समजतात, पण दहावीच्या उत्तरपत्रिका तपासतो म्हणून दुसरी बाजू मांडतो. कृतिपत्रिकेत शेवटच्या लेखनकौशल्याला ८ गुण असतात. तिथं परीक्षकाला 'मोठं घर' कळायला दुसरं वाचन मिळत नाही, गठ्ठा संपवायचा असतो. 'म्हनती', 'आज्जी', 'भांडे भरते', 'ट्रॅक्टरनी' हे त्याला पहिल्या नजरेत दिसतं. विरामचिन्हं तर उताऱ्यात पूर्णविराम सोडून एकही नाही. तुम्ही लोक पाच सुंदर शेरे लिहिताय आणि त्यात शुद्धलेखनाचा एकही नाही. हे मुलीवर अन्याय करणारं आहे.

---

आई_दोघांची

मी शिक्षिका नाही, पालक आहे. माझा मुलगा सातवीत. त्याच्या एका निबंधावर मी लाल खुणा मोजल्या, चौतीस होत्या. पान लाल झालं होतं. त्यानं ते पान माझ्यासमोर दुमडून दप्तराच्या तळाशी घातलं आणि वाचलं नाही. त्या चौतीस खुणांमध्ये एक शेरा खरंच चांगला होता, त्याच्या कुत्र्याबद्दल बाईंनी काहीतरी विचारलं होतं. तो त्यानं पाहिलाच नाही. मला एवढंच सांगायचं होतं.

---

जुनापेन

काटेकोर, तुमचं म्हणणं मी टाळत नाही. शुद्धलेखन बघायचंच, पण कसं आणि कधी हा प्रश्न आहे.

अमेरिकेतले रिचर्ड हॅसवेल नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी १९८३ साली एक साधी पद्धत मांडली. चूक दुरुस्त करायची नाही, तिच्यावर खूणही करायची नाही. ज्या ओळीत चूक आहे त्या ओळीसमोर समासात फक्त एक टिंब किंवा खूण. दोन चुका असतील तर दोन. चूक शोधायची आणि सुधारायची विद्यार्थ्यानं. त्यांच्या वर्गात साधारण साठ टक्के चुका मुलांनी आपल्या आपण दुरुस्त केल्या. ती कॉलेजची मुलं होती आणि भाषा इंग्रजी, त्यामुळे आकडा आपल्याला लागू नाही. पण मी ही रीत आठवी-नववीत वर्षानुवर्षं वापरली आणि मला एक कळलं. मुलाला 'म्हणते' लिहिता येतं. लिहिण्याच्या भरात ते 'म्हनती' होतं. टिंब दिसलं की ते स्वतः सुधारतं. जे टिंब देऊनही सुधारत नाही, ते त्याला खरंच येत नसतं, आणि शिकवायचं तेवढंच उरतं.

टिंबं डाव्या कडेला, बोलणं उजव्या समासात. दोन्ही एकत्र केलं की आई_दोघांची यांच्या मुलासारखं होतं. एका पानावर बोललेले शेरे तीन-चारच. पाचवा सुचला तर आधीच्या चारांतला एक काढायचा.

'भांडे भरते'ला मात्र टिंब देताना विचार करा. मराठवाड्यात अनेकवचनाला सर्रास 'भांडे' म्हणतात. ती चूक म्हणून दाखवायची की प्रमाण रूप वेगळं आहे असं सांगायचं, यात फरक आहे.

---

काटेकोर

टिंबाची पद्धत मान्य. वापरून बघेन. बोलीबद्दल मात्र मी सहमत नाही. 'चल पोरी वावरात जाऊ' हे आजीचं बोलणं आहे, अवतरणचिन्हात घाला, मी एक गुणही कापणार नाही. पण 'म्हनती' आजी बोलत नाहीये, निवेदन करणारी मुलगी लिहितेय. निवेदन प्रमाण भाषेत हवं. परीक्षा तेच मागते.

---

चिंचेचीपानं

इथं मी अडते. 'आज्जी म्हनती' हे निवेदन आहे हे बरोबर. पण सगळा उतारा ती आज्जीशी बोलते त्याच भाषेत आहे. 'म्हणते' केलं की ते एक वाक्य परीटघडीचं होतं आणि बाकीची तशीच राहतात. तरी परीक्षा आहेच, तीही तिचीच आहे. मी टिंब देईन. 'आज्जी'ला देणार नाही.

---

रेवती_परदेशी

मी इथं अमेरिकेत रविवारच्या मराठी शाळेत स्वयंसेवक म्हणून शिकवते. आमची मुलं दहा-अकरा वर्षांची, घरी थोडं मराठी, बाकी सगळं इंग्रजी. तीही कागदावर लिहून, स्कॅन करून पाठवतात. माझा अनुभव थोडा वेगळा आहे.

एका मुलानं लिहिलं, 'मी माझ्या आजीला मिस करतो.' मी वर लिहिलं, 'मला आजीची आठवण येते.' हे वाचल्यापासून विचार करते आहे की मीही चिंचेचीपानं यांच्यासारखंच केलं का? पण मी प्रश्न विचारला असता तर त्याच्याकडे शब्दच नव्हता. कसोटी लावली तर माझा शेरा नापास होतो, कारण त्यानं तो जसाच्या तसा उचलला. पण भाषा शिकवायची तर शब्द द्यावाच लागतो ना? आणि 'वे-वे'बद्दल म्हणाल तर आमच्या मुलांना 'करावे' वाचताही येत नाही, त्यामुळे ते आपोआप सुटलं.

---

जुनापेन

तुमची गोष्ट वेगळी आहे. त्या मुलाकडे विचार आहे, शब्द नाही. बीडच्या मुलीकडे शब्दही होता, 'मोठं'. तिच्याकडून तो काढून घेतला गेला.

शब्द द्या, पण वाक्यात नको. पानाच्या तळाला तीन शब्द लिहून ठेवा: आठवण येणे, चुकल्यासारखं वाटणे, करमत नाही. कोणता त्याच्या आजीला लागू आहे ते त्याला ठरवू द्या. तिन्ही सारखे नाहीत, आणि निवडताना तो आजीबद्दल विचार करेल. अर्थात अकरा वर्षांच्या मुलाला तीन अनोळखी शब्दांतला फरक कळेल का, हे मी परदेशी मुलांना शिकवलेलं नसल्यामुळे तुम्हीच सांगू शकाल.

---

रेवती_परदेशी

पुढच्या रविवारी करून बघते. मला वाटतं तो तिन्ही लिहून टाकेल.

---

कोडवाला

मागच्या वेळी माझं प्रश्न समजण्यात चुकलं होतं, माफ करा. धागा वाचून आता एक कामाची गोष्ट सांगतो. स्कॅनवर उजव्या बाजूला बोलायला जागा हवी असेल तर ती बनवता येते. मोबाईलची स्कॅनिंग अ‍ॅप कागदाच्या कडेला आपोआप कापतात, कधी त्यात मुलानं सोडलेला समासही जातो आणि मग शेरा ओळींच्या मध्ये, म्हणजे मुलाच्या वाक्यावर लिहिला जातो. खोडून वर लिहायचा मोह तिथूनच होतो. कॉम्प्युटरवर इमेजमॅजिक ७ हा चित्रांवर काम करणारा प्रोग्राम असेल तर एका ओळीच्या आज्ञेनं उजवीकडे पांढरी पट्टी जोडता येते:

```
magick nibandh.jpg -gravity East -background white -splice 600x0 nibandh_samas.jpg
```

२०० डीपीआयला ए-फोर स्कॅन केलेलं पान साधारण १६५० पिक्सेल रुंद असतं, त्याला ६०० म्हणजे साडेसात सेंटिमीटर समास मिळतो. मोबाईलचा फोटो दुप्पट रुंद असेल तर आकडाही दुप्पट करा. मूळ nibandh.jpg तशीच राहते, शेरे दुसऱ्या फाईलवर.

दुसरं म्हणजे, पीडीएफमध्ये पिवळी चिठ्ठी चिकटवून शेरा लिहू नका. तुमच्या टॅबवर ती उघडते, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून मोबाईलवर उघडणाऱ्याला नुसतं छोटं चिन्ह दिसतं किंवा काहीच दिसत नाही. पेननं पानावरच लिहा आणि पाठवण्याआधी प्रिंटमध्ये जाऊन `Save as PDF` करा, म्हणजे शेरे पानाचाच भाग होतात. पाठवायची फाईल आधी स्वतःला पाठवून मोबाईलवर उघडून बघा.

---

चिंचेचीपानं

हे फार उपयोगी पडलं. या निबंधाच्या आधीच्या दोन खेपांचे माझे शेरे चिठ्ठीतच होते. म्हणजे ते बहुतेक कोणी वाचलेच नाहीत. निबंध चार ओळींनीसुद्धा का बदलत नाही, असं मला तेव्हा वाटत होतं.

टॅबबद्दल माझ्याकडून एक भर. त्यात पांढरा रंग घेऊन मुलाचा शब्द पुसता येतो, आणि पुसल्याचं कळतही नाही. कागदावर निदान खोडलेलं दिसतं. मी तो रंग आता काढूनच टाकला आहे.

---

निशिगंध

जुनापेन सर, तुमचं पटलं, तरी एक राहतं. माझ्या वर्गात बासष्ट मुलं आहेत. दोनदा वाचायचं, ओठ हलवून शेरा म्हणायचा, प्रत्येकाला तीन शेरे. एका निबंधाला सात-आठ मिनिटं धरली तरी सात-आठ तास झाले. हे महिन्यातून एकदाही शक्य नाही.

---

जुनापेन

खरं आहे. मलाही सगळ्यांना जमलं नाही. मी एका खेपेला पंधरा मुलं घ्यायचो, बाकीच्यांच्या वहीवर फक्त वाचल्याची सही आणि टिंबं. पुढच्या खेपेला पुढची पंधरा. म्हणजे वर्षात प्रत्येक मुलाशी समासात दोन-तीनदाच नीट बोलणं झालं. बासष्ट मुलांसाठी यापेक्षा चांगलं काही मला सापडलं नाही. कोणाला सापडलं असेल तर सांगा.

---

चिंचेचीपानं

दहा दिवसांनी लिहिते आहे. तिला तो नवा शेरे लिहिलेला स्कॅन दिला, पण पहिला पक्का निबंध बाजूला ठेवून तिच्या मूळ कागदावरचा. सरांनी सांगितलं तसं 'मी बोलत नाही' खाली नुसती रेघ. डाव्या कडेला सहा टिंबं. गुण लिहिले नाहीत.

तिनं पुन्हा लिहून आणलं. पहिली ओळ तीच आहे. पुढे आलंय: 'आई असली की दोघी झाडतो. आता मी एकटी झाडते, एक खोली झाडली की दुसरी राहती.' तव्याजवळ एक वाक्य वाढलंय: 'लहान तव्यावर मी भाकरी शिकले म्हणून आई तो ठेवते.' तवा अनावश्यक आहे असं मी लिहिलं होतं.

'मी बोलत नाही' होतं तसंच आहे, पुढची मोकळी जागाही.

प्रकाशाच्या दोन ओळी तिनं काढल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाली, 'मॅडम, ते नाही लिहिलं तर मार्क जातात.' त्यावर मला उत्तर देता आलं नाही. काटेकोर, तुम्ही पेपर तपासता, तुम्हीच सांगा तिला काय सांगू.

सहापैकी पाच टिंबं तिनं स्वतः शोधून सुधारली. अवतरणचिन्हं घातली, 'म्हनती'चं 'म्हणते' केलं. आणि त्याच ओघात, मी टिंब दिलं नव्हतं तरी, सगळीकडे 'आज्जी'ची 'आजी' केली आहे. पहिल्या खेपेची माझी दुरुस्ती तिच्या लक्षात राहिली असणार. उद्या शाळेत तिला विचारणार आहे की घरी ती काय हाक मारते.

---

काटेकोर

त्या दोन ओळींना मी गुण देत नाही, आणि नसल्या तर कापतही नाही. पण सगळे परीक्षक तसं करतात असं मी तिला खात्रीनं सांगू शकत नाही. 'आज्जी'बद्दल विचारलंत की इथं लिहा.